हातोडी चौकटीबाहेर जाते तेव्हा

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका कारागिराचं काम आम्ही चित्रित केलं होतं. पितळेचं घंगाळ समोर घेऊन ते मठारकाम करत होते. हातोडी कानाच्या वर उचलायची, खाली आणायची, भांडं बोटभर फिरवायचं, पुन्हा हातोडी. जागा इतकी अरुंद होती की ट्रायपॉड उभा राहीना, म्हणून कॅमेरामनने गुडघ्यावर बसून, कॅमेरा हातात धरून वीस सेकंद घेतली. संकलनाच्या टेबलावर ती वीस सेकंद माझ्यासमोर आली तेव्हा चित्र सारखं हलत होतं आणि मध्येच एकदा, बहुधा गुडघा बदलताना, चांगलाच हिसका बसलेला होता. सगळे म्हणाले, ‘सॉफ्टवेअरमध्ये स्थिर करून टाक.’ मी केलं. चित्र स्थिर झालं, पण हातोडी वर गेली की दिसेनाशी व्हायची.

असं का झालं ते समजायला सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते पाहावं लागतं. ते प्रत्येक फ्रेममध्ये ठळक ठिपके शोधतं: भांड्याची कड, भिंतीवरचा खिळा, फळीचा कोपरा. पुढच्या फ्रेममध्ये तेच ठिपके कुठे सरकले ते मोजतं आणि त्यावरून कॅमेरा कसा हलला याचा माग काढतं. मग त्या वेड्यावाकड्या मार्गाऐवजी एक संथ मार्ग ठरवतं. कॅमेरा वर उडाला असेल तिथे अख्खं चित्रही तेवढंच वर सरकवतं, म्हणजे भिंत जागच्या जागी राहते. पण चित्र सरकलं की एका बाजूला रिकामी काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला सगळं चित्र थोडं मोठं करावं लागतं आणि मोठं केलं की कडा बाहेर जातात. यालाच आपण क्रॉप म्हणतो.

आमचं चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं होतं. नेहमीची थरथर उभ्या दिशेने साधारण ४० पिक्सेलची. म्हणजे वरून ४० आणि खालून ४० ओळी सोडाव्या लागणार. उरल्या १०००. त्या पुन्हा १०८० पर्यंत ताणायच्या तर चित्र १०८ टक्के मोठं करावं लागतं, एवढं खपून जातं. पण तो एक हिसका १३० पिक्सेलचा होता. वरच्या १३०, खालच्या १३० गेल्या की उरतात ८२० ओळी, आणि चित्र जवळजवळ १३२ टक्के मोठं होतं. हिसका अर्ध्या सेकंदाचा होता, पण त्याची किंमत पूर्ण वीस सेकंदांनी मोजली, कारण मोठं करण्याचं प्रमाण अख्ख्या तुकड्याला एकच लागतं. म्हणून शॉट आहे तसा सॉफ्टवेअरला देऊ नये. आधी हिसक्याच्या जागी कापावा आणि उरलेल्या तुकड्यांचं वेगवेगळं विश्लेषण करून घ्यावं. मी तसं केलं आणि १०८ टक्क्यांवर आले.

तरीही हातोडी कापलीच जात होती. मूळ चौकटीत ती सर्वात उंच जायची तेव्हा वरच्या कडेपासून जेमतेम तीस ओळी खाली असायची. आमच्या हातून चाळीस ओळी गेल्या होत्या.

इथे बरेच जण म्हणतात, ‘फोर-केमध्ये शूट केलं असतं तर प्रश्नच आला नसता.’ हे अर्धंच खरं आहे. फोर-केच्या चित्रात रुंदीला ३८४० पिक्सेल असतात. ते १९२० च्या चित्रपटात वापरलं तर १३२ टक्के मोठं करूनही धूसर होत नाही. स्पष्टता वाचते. पण वरच्या कडेजवळची हातोडी कॅमेरा कितीही पिक्सेलचा असला तरी वरच्या कडेजवळच असते, आणि थरथरीने खाल्लेली पट्टी तेवढ्याच प्रमाणात जाते. फोर-केचा खरा फायदा त्यालाच होतो जो मुळात थोडं लांबून, चारही बाजूंना श्वास ठेवून चौकट बांधतो.

म्हणून माझी आता सवय अशी आहे की प्रीमिअरमधला Warp Stabilizer लावला की Framing मध्ये आधी Stabilize Only निवडायचं. मग सॉफ्टवेअर चित्र मोठं न करता नुसतं सरकवतं आणि काळ्या पट्ट्या नाचताना दिसतात. त्या कशावर चालून येतात ते डोळ्यांनी पाहता येतं: माणसाच्या कपाळावर, हातातल्या कामावर, की नुसत्या रिकाम्या भिंतीवर. तिथेच निम्मा निर्णय होतो.

उरलेला निम्मा निर्णय चित्राच्या आत पाहून करावा लागतो. आमच्या शॉटमध्ये हात आणि हातोडी चौकटीचा मोठा भाग व्यापत होते. सॉफ्टवेअरला काही ठिकाणी वाटलं की हातोडीची हालचाल हीच कॅमेऱ्याची हालचाल, आणि ठोक्यासरशी मागची फळी वरखाली डुलायला लागली. हा दोष ओळखायचा तर माणसाकडे न पाहता मागच्या सरळ रेषांकडे पाहायचं. यावर उपाय आहे. हातावरचे ठिपके निवडून वगळता येतात आणि Method बदलून Position केलं की चित्र वाकवण्याऐवजी नुसतं सरकवलं जातं. मी दोन्ही केलं, फळी थांबली.

दुसरा दोष मात्र मला दुरुस्त करता आला नाही. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर बहुधा १/५० सेकंद ठेवतात. तेवढ्या वेळात कॅमेरा जोरात हलला तर त्या फ्रेममधली प्रत्येक वस्तू फरफटते, ठोक्यांच्या चकचकीत खुणा रेघा होतात. स्थिर केल्यावर चौकट जागेवर राहते, पण ती फरफट चित्रातच छापलेली असते. मग स्थिर भांडं मध्येच पुसट होतं, पुन्हा स्पष्ट होतं, आणि हे मूळ थरथरीपेक्षा डोळ्यांना जास्त खटकतं. तपासायला सोपं आहे: जिथे सर्वात जास्त हललंय तिथे चित्र थांबवून पाहावं. रेघा दिसल्या तर सॉफ्टवेअरवर आणखी वेळ घालवू नये.

आमच्या शॉटमध्ये रेघा होत्या आणि हातोडीही कापली जात होती. कारागीर तर रोज त्याच जागी बसतात. मी दिग्दर्शकाला फोन करून सांगितलं की पुन्हा जाऊ या. दुसऱ्या खेपेला गव्हाची अर्धी भरलेली पिशवी नेली, उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्यात कॅमेरा रुतवला. ती मऊ असल्याने जमिनीतून येणारे ठोक्यांचे हादरेही तिने शोषले. चौकट एक हात मागे घेतली, हातोडीच्या वर मोकळी जागा सोडली. संकलनात त्या शॉटला काहीच करावं लागलं नाही.

त्याच माहितीपटात विसर्जनाच्या दिवशीचा एक शॉट होता. गर्दीतून चालत घेतलेला, धक्के खाल्लेला, रेघांनी भरलेला. ती मिरवणूक परत घडणार नव्हती. त्यातले धक्क्याआधीचे चार सेकंद मी कापून घेतले, Smoothness नेहमीच्या ५० टक्क्यांवरून १० वर आणलं आणि चालण्याचा हेलकावा तसाच राहू दिला. पूर्ण स्थिर केल्यावर ढोलवाल्यांचे उंचावलेले हात कापले जात होते, आणि त्या चार सेकंदांत मला ते हातच हवे होते.