बॉयलरचं सर्टिफिकेट विमा कंपनीला मेल करताना काय लिहायचं?

विम्याचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं नाही. बॉयलरचं तपासणी सर्टिफिकेट सहसा जास्तीत जास्त 12 महिन्यांचं असतं आणि अनेकदा पॉलिसी चालू असतानाच संपतं. त्या काळात स्फोट झाला, तर क्लेम अडकू शकतो. म्हणून नवीन सर्टिफिकेट आलं की लगेच मेल करा.

समजा, तुमची छोटी डेअरी आहे. पॉलिसी मार्चपर्यंत आहे, पण सर्टिफिकेट 14 ऑगस्टला संपतंय. नवीन मिळालं, मात्र तपासणीत प्रेशर 10 वरून 8 किलोवर आणलंय. मग मेल असा:

"महोदय, आमच्या पॉलिसीतील बॉयलरचे नवीन सर्टिफिकेट जोडले आहे. पॉलिसी क्रमांक, बॉयलरचा रजिस्ट्री क्रमांक आणि सर्टिफिकेटची मुदत खाली दिली आहे. कमाल प्रेशर 10 ऐवजी 8 किलो प्रति चौरस सेंटिमीटर झाले असून सेफ्टी व्हॉल्व्ह त्यानुसार सेट केला आहे. पॉलिसीत नोंद करून लेखी पोच द्यावी."

प्रेशरचा बदल मेलमध्येच लिहा. तो फक्त जोडलेल्या फाईलमध्ये राहिला, तर कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. रजिस्ट्री नंबर पॉलिसीतल्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळवा.

आणि कॉम्प्रेसरची हवेची टाकी? ती बॉयलरच्या सर्टिफिकेटमध्ये येत नाही. कारखान्यांचे सुरक्षा नियम लागू असतील, तर तिची तपासणी मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडून वेगळी होते. टाकी पॉलिसीत असेल, तर तो रिपोर्टही जोडा. पोच आली नाही, तर चार दिवसांनी पुन्हा विचारा.