फुफ्फुस कापायचं की बदलायचं?

तुम्ही धडधाकट असाल तर एक छोटा प्रयोग करून पाहा. छाती भरून श्वास घ्या. आता तो पूर्ण सोडू नका. अगदी थोडा सोडा आणि लगेच वरच्या वर पुन्हा घ्या. पाच-सहा वेळा असं केलंत की छाती हवेनं गच्च भरलेली असूनही जीव कासावीस होतो. एम्फिसीमा शेवटच्या टप्प्याला पोचलेला माणूस दिवसरात्र असाच श्वास घेत असतो. स्टूलवर बसून केलेल्या आंघोळीनंतरही त्याला दहा मिनिटं टेकावं लागतं.

फुफ्फुसांतले वायुकोश म्हणजे रबरासारखे ताणणारे आणि आपसूक आक्रसणारे बारीक फुगे. वर्षानुवर्षं विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर आत गेला की त्यांच्या भिंती झिजतात आणि अनेक फुग्यांची मिळून एकच ढिली पिशवी होते. जुन्या इलॅस्टिकसारखी ती ताणते, पण मागे येत नाही. आत गेलेली हवा आतच अडकते. फुगलेल्या फुफ्फुसाखाली घुमटासारखं श्वासपटल दाबलं जाऊन सपाट होतं आणि श्वास ओढायचा मुख्य स्नायूच निकामी होतो. झिजलेल्या भिंती कोणत्याही औषधानं परत येत नाहीत.

फुफ्फुस कमी पडत असताना त्याचाच तुकडा कापायचा, हा उपाय उलटा वाटतो. पण निकामी, फुगलेला भाग काढला की दबलेल्या चांगल्या भागाला जागा मिळते आणि श्वासपटल पुन्हा घुमटाकार होतं. अमेरिकेत ओटो ब्रँटिगन यांनी १९५०च्या दशकात ही शस्त्रक्रिया करून पाहिली, मात्र त्यात इतके रुग्ण दगावले की ती मागे पडली. १९८३ साली टोरोंटोत फुफ्फुस प्रत्यारोपण पहिल्यांदा दीर्घकाळ यशस्वी करून दाखवणारे जोएल कूपर यांनीच १९९३ मध्ये सेंट लुईस इथे ती नव्यानं सुरू केली. ते दोन्ही बाजूंचा साधारण २० ते ३० टक्के भाग काढत.

ही शस्त्रक्रिया नेमकी कोणाला उपयोगी पडते, याचं उत्तर १२१८ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीनं दिलं. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. ते समजण्यासाठी दोन प्रातिनिधिक रुग्ण घेऊ.

पहिले ५८ वर्षांचे शेतकरी. तीस वर्षं विडी ओढली, सुटून वर्ष झालं. स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या २४ टक्के. सहा मिनिटं चालण्याची चाचणी ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये झाली. बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, मागून खुर्ची घेऊन येणारी फिजिओथेरपिस्ट. "काका, थांबलात तरी चालेल, घड्याळ मात्र चालू राहील." दोनदा भिंतीला टेकून त्यांनी सात लांब्या पुऱ्या केल्या, म्हणजे २१० मीटर. सीटी स्कॅनमध्ये नासाडी दिसली ती मुख्यतः फुफ्फुसांच्या वरच्या भागात. खालचा भाग बऱ्यापैकी शाबूत होता.

दुसरे ५५ वर्षांचे कारखान्यातले कामगार. हाच आकडा १८ टक्के, चालणं १४० मीटर, आणि स्कॅनमध्ये नासाडी वरपासून खालपर्यंत सारखी पसरलेली.

कापण्याची शस्त्रक्रिया पहिल्यांसाठी आहे. नासाडी वरच्या भागात आणि व्यायामाची ताकद कमी, अशा रुग्णांच्या गटात शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. दुसऱ्यांच्या बाबतीत कापायला वेगळा असा निकामी भागच नाही. त्यांच्यासारख्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत १६ टक्के दगावले, तर नुसत्या औषधोपचारावर असलेल्यांत त्या काळात एकही नाही. म्हणून अशा रुग्णाला सर्जन नकार देतो, तेव्हा तो त्याचा जीव वाचवत असतो.

पहिल्या रुग्णापुढे आज आणखी एक वाट आहे. दुर्बिणीतून श्वासनलिकेत एकमार्गी झडप बसवतात. हवा बाहेर येते, आत जात नाही आणि तो भाग आक्रसतो. अट एकच, शेजारच्या खंडातून चोरवाटेनं हवा येता कामा नये. धोकाही आहे. झडपेनंतर साधारण चौघांतल्या एकाच्या छातीत, फुफ्फुसाबाहेर हवा साठते. हे बहुधा पहिल्या तीन दिवसांत घडतं, म्हणून रुग्णाला तोवर घरी सोडत नाहीत. एका बाजूला अचानक कळ आणि वाढलेली धाप ही त्याची खूण. कापण्याच्या शस्त्रक्रियेत टाक्यांतून हवा झिरपत राहते आणि छातीतली नळी कधी कधी आठवडे ठेवावी लागते. दोन्हींचा फायदा काही वर्षांचा असतो, कारण उरलेल्या फुफ्फुसातला आजार पुढे सरकतच राहतो.

दुसऱ्यांसाठी उरतं ते प्रत्यारोपण. त्यासाठी डॉक्टर 'बोड' नावाची दहा गुणांची पट्टी लावतात. वजन-उंचीचं प्रमाण, स्पायरोमेट्री, धाप आणि चालणं या चारांचे गुण मिळवायचे. गुण जितके जास्त, तितका धोका मोठा. आपल्या कामगाराला स्पायरोमेट्रीचे ३, कपडे बदलतानाही लागणाऱ्या धापेचे ३, चालण्याचे ३, आणि वजन बरं असल्यानं तिथे शून्य. एकूण ९. मूळ अभ्यासात ७ किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक सव्वाचार वर्षांत दगावले होते. म्हणून पाच-सहा गुणांवर प्रत्यारोपण केंद्रात दाखवावं आणि सातच्या पुढे यादीत नाव घालावं, असा संकेत आहे. मात्र तंबाखू किमान सहा महिने पूर्ण बंद हवी. नुकताच झालेला कर्करोग, उपचार न झालेला क्षयरोग, निकामी मूत्रपिंड किंवा अगदी खंगलेलं शरीर असेल तर नाव लागत नाही. मेंदूमृत दात्याचं फुफ्फुस रक्तगटानं आणि आकारानंही जुळावं लागतं.

प्रत्यारोपणानंतर बहुतेकांचा ऑक्सिजन सुटतो, माणूस जिना चढतो. मोबदल्यात रोजची शिस्त येते. शरीरानं परकं फुफ्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या दर बारा तासांनी, आयुष्यभर. रक्तातली त्यांची मात्रा तपासायच्या सकाळी गोळी न घेता लॅबमध्ये जायचं, रक्त द्यायचं आणि मगच खिशातली गोळी घ्यायची. याच गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती उतरते. म्हणून घर झाडणं, कुंडीतली माती उकरणं, कबुतरांना दाणे टाकणं बंद. कच्ची मोड आलेली कडधान्यं आणि गाडीवरची पाणीपुरीही बंद.

नव्या फुफ्फुसाच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे त्यात कफ साठला तरी खोकल्याची उबळ नीट येत नाही. म्हणून घरच्या छोट्या स्पायरोमीटरमध्ये रोज फुंकून आकडा वहीत लिहायचा. तो नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी घसरला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर ताप नसला तरी केंद्राला फोन करायचा. तो संसर्ग असेल किंवा शरीराचा नकार. कालांतरानं अनेकांत हा नकार चिवट होऊन श्वासनलिका आवळतो. त्यामुळेच प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्मे साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे जगतात, निम्मे नाही. ही वर्षं धापेशिवायची असतात, पण आयुष्य किती वाढेल, हे प्रत्येकाच्या गुणांवर ठरतं.

घरात असा रुग्ण असेल तर ऑक्सिजनचं मशीन येईपर्यंत आणि वजन चाळीस किलोंवर उतरेपर्यंत थांबू नका. छातीच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. नासाडी स्कॅनमध्ये नेमकी कुठे आहे, सहा मिनिटांत किती मीटर चालणं होतं आणि बोडचे गुण किती. गुण पाच असतानाच हे विचारलंत, तर निवड करायला वाव राहतो.