पाचशे बारा पिक्सेलची चौकट

2024 च्या गणेशोत्सवात माझ्या भाचीने घरच्या मूर्तीचे छायाचित्र घेतले, व्हॉट्सॲपने त्याची पार्श्वभूमी आपणच कातरून टाकली, आणि मिनिटभरात तयार झालेले ते स्टिकर आमच्या साऱ्या गोतावळ्यात फिरू लागले, तेव्हा ज्या कामासाठी मी पाच वर्षांपूर्वी तीन आठवडे डोळे शिणवले होते त्या कामाची गरज आता उरली नाही, हे मला प्रथम नीट कळले.

स्टिकरांशी माझा संबंध आला तो ऑक्टोबर 2018 मध्ये, व्हॉट्सॲपने स्टिकरे आणली आणि त्यांची दारे बाहेरच्या चित्रकारांनाही उघडली तेव्हा. पाट्या व लग्नपत्रिका यांवर अक्षरे रेखण्यात आयुष्य गेलेल्या मला वाटले की, देवनागरीला हे नवे अंगण मिळाले.

2019 च्या गणेशचतुर्थीसाठी मी चोवीस स्टिकरांचा संच केला. एका संचात तीनांहून कमी आणि तिसांहून अधिक चित्रे चालत नाहीत. प्रत्येक चित्र 512 पिक्सेल रुंद व तितकेच उंच, पारदर्शक पार्श्वभूमीचे, वेबपी स्वरूपातले आणि 100 केबीच्या आत असावे लागते. कडेला सोळा पिक्सेलचा समास आणि आकृतीभोवती आठ पिक्सेलची पांढरी किनार ठेवावी, अशी शिफारस असते. ती किनार मला आरंभी अनावश्यक वाटली व मी ती गाळली. परंतु एका स्नेह्याच्या मोबाइलवर गडद पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांतले ‘मोरया’ मुळीच दिसेना, तेव्हा चोवीसही चित्रे पुन्हा काढावी लागली.

देवनागरीची खरी अडचण मात्र उंचीची आहे. रोमन लिपीतले मोठे अक्षर एका पट्टीत मावते. आमच्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे ‘मूर्ती’ हा लहानसा शब्द लिहिला तरी मधल्या अक्षराच्या वाट्याला चौकटीची जेमतेम अर्धी उंची येते, आणि संभाषणात ती चौकट दोन बोटांएवढीच दिसत असल्याने बारीक रेषेचा रफार नाहीसा होतो. म्हणून मी शब्द एक किंवा दोनच ठेवले, अनुस्वाराचा ठिपका फुगवला, आणि जलरंगाची छटा सोडून सपाट रंग घेतले. कारण त्या छटांमुळे फाइल 100 केबीच्या पलीकडे जाई, आणि एक चित्र नियमबाह्य निघाले तरी सबंध संच नामंजूर होई.

लोकांपर्यंत संच पोहोचविण्यासाठी स्वतंत्र ॲप काढावे लागे. व्हॉट्सॲपने दिलेला नमुना घ्यावा, त्यातल्या `contents.json` या फाइलीत संचाचे व कर्त्याचे नाव आणि चित्रांची यादी भरावी, आणि ॲप गूगल प्लेकडे मंजुरीसाठी द्यावे, असा तो रिवाज होता. एका चित्रातला ऱ्हस्वदीर्घाचा दोष मी दुरुस्त केला, तरी लोकांकडे जुनेच अशुद्ध चित्र राहिले, कारण त्याच फाइलीतला `image_data_version` हा आकडा वाढवायचे मी विसरलो होतो.

आता हिशेब. गूगल प्लेची नोंदणी एकदाच 25 डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे साडेसतराशे रुपये. ॲपलची 99 डॉलर आणि तीही दरसाल, म्हणून ते दार मी ठोठावलेच नाही. व्हॉट्सॲप चित्रकाराला एक पैही देत नाही. तिथे किंमत लिहिण्याची जागाच नाही. जपानी लाइनच्या बाजारात संच विकत घेतला जातो आणि विक्रीतला हिस्सा कर्त्याच्या खाती जमा होतो. आमच्याकडे उरतात त्या ॲपमधील जाहिराती. त्यांची रक्कम 100 डॉलर झाल्यावाचून हाती पडत नाही. माझा संच उत्सवाच्या दहा दिवसांत धावला, अकराव्या दिवशी थांबला, आणि ती मर्यादा गाठायला मला पुढच्या वर्षीचा गणेशोत्सव लागला. त्याच सुमारास एका अनोळखी ॲपने माझी बारा चित्रे उचलून आपल्या नावावर घातली; फिर्याद केल्यावर ती हटली, परंतु तोवर मोसम सरला होता.

याउलट गावातल्या एका मिठाईवाल्याने दिवाळीसाठी वीस स्टिकरे सांगितली आणि प्रत्येकी अडीचशे रुपयांप्रमाणे पाच हजार रुपये रोख मोजले. जाहिरातींना सातएक हजारांसाठी वर्षभराचा काळ लागला. मिठाईवाल्याची रक्कम नऊ दिवसांत आली.

2024 च्या प्रारंभी व्हॉट्सॲपने आयफोनवर स्टिकर घडविण्याचे साधन दिले, आणि छायाचित्राच्या स्टिकरासाठी चित्रकाराकडे येण्याचे कारण संपले. आपले अक्षर आपल्या हाताने रेखू शकणाऱ्या तरुणाला माझी विनंती आहे की, त्याने ॲपच्या आधी ग्राहक शोधावा, दर चित्रामागे ठरवावा, अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी आणि मूळ चित्रावरील हक्क आपल्याकडे राहील असे करारात लिहून घ्यावे.