इगतपुरी आणि दीक्षाभूमी

धर्म नको, पण अध्यात्म हवे असे म्हणणारे आज घरोघरी भेटतात. ही निवड माणूस का करतो, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात एक जवळचे उदाहरण आहे. एकाच बुद्धाकडे इथली माणसे दोन वाटांनी गेली.

सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातल्या सनातनी मारवाडी घरातले यशस्वी व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ साली ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेही आपण बौद्ध तर होणार नाही ना, ही धास्ती मनात ठेवून. पुढे १९६९पासून त्यांनी भारतात शिबिरे घेतली आणि १९७६मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. तिथे पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष ठेवायचे, मग अंगावरच्या संवेदना पाहायच्या. दहा दिवस जपमाळ, पूजा, उपवास बंद. शिबिर संपले की साधक आला त्याच धर्माचा राहून घरी जातो. नाव, जात, देव्हारा यांतले काहीच बदलावे लागत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घडले ते याच्या नेमके उलट. बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून विधी करून घेणार नाही. इथे घरातले देव काढायचे होते आणि तेही चारचौघांत सांगून. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती लागते, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. ज्याला पाणवठ्यावर अडवले जाते, त्याने नुसते डोळे मिटून बसावे कसे? त्याला नवे नाव, नवा समाज आणि स्वतःचे लग्नविधी हवे होते. त्याची किंमतही मोजावी लागली: बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९०पर्यंत मिळाल्या नाहीत.

म्हणून मला वाटते, ही निवड केवळ स्वभावाची नाही. ज्याचे समाजातले स्थान पक्के आहे, त्याला धर्माची चौकट सहज सोडता येते, कारण ती चौकट त्याच्या पाठीशी असतेच. विपश्यनाही तशी संघटनेविना चालत नाही. वेळापत्रक, नियम, गोयंकांची ध्वनिमुद्रित प्रवचने सगळीकडे तीच. पण ही संघटना शिकवण्यापुरती आहे. साधकाच्या घरात मयत झाली तर केंद्र तिथे काही करत नाही. विहारातली माणसे मात्र येतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात, खांदा देतात.

आंबेडकरी कार्यकर्त्यांत विपश्यनेवर आक्षेप घेणारे आहेत. दुःखाचे मूळ मनात शोधले की जात नजरेआड होते, असे ते म्हणतात. हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही इगतपुरीला बसणाऱ्यांत दीक्षाभूमीला जाणारेही असतात. मोर्च्यातून घरी आल्यावर अंगात उरलेल्या संतापाचे काय करायचे, हे ते तिथे शिकतात.