कोकमाच्या आगळाला कोणतं स्टील?

"हजार लिटरची स्टीलची टाकी पाहिजे," असं फॅब्रिकेटरला सांगितलं की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं: "थ्री नॉट फोर देतो, फूड ग्रेड आहे." दूध, पाणी किंवा आमरस असेल तर ते चुकीचं नाही. पण सिंधुदुर्गात कोकमाचं आगळ तापवायला टाकी हवी असेल, तर हे उत्तर अपुरं आहे. आगळ आंबट असतंच, त्यात ते टिकतं मिठावर. स्टीलला आंबटपणापेक्षा मिठाची भीती जास्त.

स्टेनलेस स्टीलचं रक्षण करतो तो त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा तयार होतो. मिठातला क्लोराइड मात्र हा थर एखाद्या बिंदूवर फोडतो. तिथे खड्डा पडतो, खड्ड्यातलं पाणी अधिकाधिक आम्लधर्मी होत जातं आणि थर पुन्हा धरत नाही. बाकी टाकी लखलखीत असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून गळती सुरू होते, ती अशी.

यावर उपाय मॉलिब्डेनमचा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. दोन्ही ऑस्टेनिटिक, म्हणजे निकेलवाल्या घराण्यातली. दुसरं घराणं फेरिटिक. त्यात निकेल जवळजवळ नसतं, म्हणून ते सहसा स्वस्त पडतं आणि त्याला लोहचुंबक चांगला चिकटतो. त्यातलं ४३० आपल्या कामाचं नाही. पण ४४४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि २ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे खड्डे पडण्याच्या बाबतीत ते ३१६ च्या तोडीचं आहे.

एका बाबतीत तर ४४४ सरस आहे. साधारण ६० अंशांच्या वर, मीठ आणि वेल्डिंगमुळे पत्र्यात राहिलेला ताण एकत्र आले की ऑस्टेनिटिक स्टीलला फांद्यांसारखे बारीक तडे जाऊ शकतात. फेरिटिक स्टीलला हा धोका फारच कमी. गरम पाण्याच्या टाक्यांसाठी ४४४ वापरतात ते म्हणूनच.

मग आगळासाठी ४४४ का नको? घोडं अडतं वेल्डिंगपाशी. एक मीटर व्यासाची, एक मीटर तीस सेंटीमीटर उंचीची टाकी ३ मिलिमीटर पत्र्यात करायची तर झाकण-बुडासह सुमारे १३५ किलो पत्रा लागतो. त्यावर उभा-आडवा सांधा, तोट्या, पाय, वाफेचं जॅकेट, सगळं आर्गन वेल्डिंगने जोडलेलं. फेरिटिक स्टील वितळण्याइतकं तापलं की सांध्याशेजारचे धातूचे कण मोठे होतात आणि तो पट्टा ठिसूळ बनतो. पत्रा जाड, तितका हा त्रास जास्त. ४४४ मध्ये कार्बन अगदी कमी ठेवून टायटॅनियम-नायोबियम घातलेलं असतं. त्याने सांध्याशेजारचा गंज टळतो, कण वाढायचे थांबत नाहीत. पातळ पत्र्यावर, बेताच्या उष्णतेत, सरावलेला वेल्डर हे काम नीट करतो. तालुक्याच्या वर्कशॉपवर मी तो भरवसा ठेवणार नाही.

म्हणून माझं मत ३१६एल. यातला 'एल' महत्त्वाचा: कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. कार्बन जास्त असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेत तो क्रोमियमला बांधून घेतो आणि सांध्याच्या कडेला गंजाला वाट मिळते. वेल्डिंगची तारही ३१६एलचीच हवी. आतल्या बाजूला आर्गन सोडायला सांगा आणि सांध्यावरचा निळा-तपकिरी रंग पिकलिंग पेस्टने काढून घ्या. त्या रंगाखालचा पत्रा कमजोर असतो. तड्यांचा धोका राहतो, तो वापरातून कमी करायचा: आगळ तापवलं की टाकी लगेच रिकामी करून गोड्या पाण्याने धुवायची आणि जॅकेटला खारं बोअरचं पाणी द्यायचं नाही.

साठवणीसाठी मात्र ३१६एलही घेऊ नका. संथ समुद्राच्या पाण्यात, साडेतीन टक्के मिठातसुद्धा, गास्केटखालच्या फटीत ते गंजतं. आगळातलं मीठ त्याहून बरंच जास्त. महिनोन् महिने ठेवायचं आगळ फूड ग्रेड प्लास्टिकच्या पिंपातच बरं.

पैसे देण्यापूर्वी पत्रा तपासा. चुंबकावर विसंबू नका. कमी निकेलचं २०२ सुद्धा ३०४ सारखंच चुंबकाला दाद देत नाही. पत्र्यावर छापलेला हीट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर जुळवा, आणि मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून बघा. पहिल्या हंगामानंतर सांध्यांवर तपकिरी डाग दिसले तर ओल्या फडक्याने घासा. साफ निघाले तर बहुधा ग्राइंडरमधून उडालेली साध्या लोखंडाची धूळ असेल. डागाखाली नख अडकलं तर तो खड्डा आहे, आणि फॅब्रिकेटरला बोलावायची वेळ झाली.