घरून कामाची परवानगी मागताना

डोंबिवलीहून अंधेरीला जाणारी एखादी अकाउंटंट समजा. येण्याजाण्यात रोजचे साडेतीन तास जातात. ‘घरून काम करू द्या’ एवढंच म्हटलं, तर साहेब बहुधा नाही म्हणतील, कारण एकदा दिलेली सवलत परत घेणं त्यांना अवघड वाटतं. म्हणून मुदत घालून मागावं: मंगळवार आणि गुरुवार, सहा आठवडे, शेवटच्या शुक्रवारी आढावा. जमलं नाही तर पूर्वीसारखं रोज ऑफिस.

या सहा आठवड्यांत महिनाअखेर यायलाच हवी. सोप्या दिवसांत काम नीट झालं, यातून काहीच सिद्ध होत नाही. तसंच, आज बिलं किती दिवसांत निघतात हे सुरुवातीलाच लिहून ठेवावं, नाहीतर आढाव्याच्या दिवशी तुलना कशाशी करणार?

खरी कसोटी उपलब्धतेची. ‘मी कायम उपलब्ध असेन’ हे वचन कधीही देऊ नये. ते पाळता येत नाही आणि एक फोन चुकला तरी विश्वास जातो. त्यापेक्षा अर्जात असं लिहावं: ‘दहा ते सहा फोन पंधरा मिनिटांत घेईन किंवा उलट करीन. दीड ते दोन जेवण. वीज किंवा इंटरनेट गेल्यास लगेच कळवून मोबाईलच्या नेटवर काम करीन. तातडीची सही लागली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येईन.’

होकार तोंडी मिळाला, तरी त्याच दिवशी ठरलेलं सगळं ईमेलने पाठवावं. साहेब बदलले, तर तेवढाच कागद हाताशी राहतो.