डिसयुरिया पाठ आहे, पण पेशंट काय म्हणतोय?

नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीतच असतात. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनाही शेवटच्या वर्षापर्यंत डिस्निया, इडिमा, डिसयुरिया हे शब्द पाठ झालेले असतात. ब्रिटनला जायची तयारी सुरू झाली की त्या अडतात त्या साध्या इंग्रजीपाशी. तिथले सत्तरीचे आजोबा डिसयुरियाची तक्रार करत नाहीत. ते म्हणतात, ‘माय वॉटरवर्क्स आर प्लेइंग अप.’ त्यांना लघवीचा त्रास होतोय, हे कळलं नाही तर पाठांतर वाया.

ब्रिटनमधल्या नोंदणीसाठी बऱ्याच जणी ओईटी ही परीक्षा देतात. तिच्या तोंडी भागात दोन प्रसंग असतात. कार्ड वाचायला तीन मिनिटं, मग परीक्षक पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि पाचेक मिनिटं त्याच्याशी बोलायचं. अवघड शब्द वापरून इथे गुण वाढत नाहीत. समोरच्याला समजलं का, हे पाहिलं जातं.

म्हणून शिकवताना वहीत तीन रकाने आखून घ्यावेत. पहिल्यात आपल्या वॉर्डातली तक्रार: ‘लघवीला आग होते.’ दुसऱ्यात तिकडच्या पेशंटचं बोलणं: ‘इट स्टिंग्ज व्हेन आय पी.’ तिसऱ्यात डिसयुरिया. बोलताना दुसरा रकाना, डॉक्टरांना पत्र लिहिताना तिसरा. नुसती वही पाठ करून भागत नाही. शिक्षकाने दुसऱ्या रकान्यातलं वाक्य म्हणायचं आणि विद्यार्थिनीने लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: कधीपासून? वरचेवर जावं लागतं का? रक्त दिसलं का?

कधी पहिला रकानाच जास्त नेमका निघतो. आपल्याकडची बाई ‘गरगरतंय’ आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ यात फरक करते. इंग्रजी पेशंट दोन्हीला ‘डिझी’ म्हणून मोकळा होतो. गरगरण्याचं मूळ कानात असू शकतं, अंधारी बीपी उतरल्यानेही येते. तेव्हा ‘इज द रूम स्पिनिंग, ऑर डू यू फील फेंट?’ हे विचारायची सवयच लागायला हवी.

ओळखीचे शब्द तर जास्त फसवतात. आपली ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पेशंटला पुन्हा अंघोळ, कपडे, स्वयंपाक जमावा म्हणून मदत करणारा. आपले व्हायटल्स तिथे ‘ऑब्स’ होतात. आपल्याकडे ताप १०१ सांगतात, तिथे तोच सेल्सिअसमध्ये ३८.३ लिहितात.

ग्लासगोपासून कॉर्नवॉलपर्यंतची बोली कुठल्याच वहीत मावणार नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच एक वाक्य घोटून घ्यावं: ‘व्हेन यू से दॅट, व्हॉट डू यू मीन?’ मुली हे विचारायला लाजतात, इंग्रजी कच्चं दिसेल म्हणून. पण मोघम बोलणं नीट विचारून स्पष्ट करून घेणं, यालाही ओईटीत गुण आहेत.